पोवळीचं कार्ड

पोवळीला चौथ्या चित्रपटातून काढायचं ठरत होतं, त्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे साडेदहाला बोईसरला पोचलो होतो. चूक माझी होती हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

आधी पोवळी कोण ते सांगतो. मी गोष्ट सांगायला लागलो की मधूनच सुरू करतो, असं आमच्या शैलाचं म्हणणं आहे. शैला म्हणजे माझी पत्नी. आम्ही केळव्याला राहतो, घरामागे सुपारीची छोटी वाडी आहे. पालघरच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर मी आणखी काही करेन असं कुणाला वाटलं नव्हतं. मला तर नव्हतंच.

पण किंजल आली. बोईसरच्या एका कापडवाल्याची ही मुलगी शाळेत असताना शनिवारी वाचनालयात यायची. पुढे पुण्याला जाऊन चित्रपटांचं संकलन शिकली आणि परत आली ती एक मोठं वेड डोक्यात घेऊन. आपल्या भागातल्या माणसांचे पाच चित्रपट. प्रत्येकाचा नायक वेगळा, दिग्दर्शक वेगळा, पण जग एकच. एकातलं माणूस दुसऱ्यात डोकावणार, चौथ्यात सगळी एकत्र येणार. निर्माते कमलाकांत. त्यांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली एक बंद शेड भाड्याने घेतली. पूर्वी तिथे कापडाचे रंग बनत. अजूनही पावसाळ्यात भिंतीला निळा पाझर फुटतो.

"काका, मला तुम्ही हवे आहात," किंजल म्हणाली.

"मी? मी सिनेमे बघत नाही गं."

"म्हणूनच. सिनेमे बघणाऱ्यांना सगळं आठवतं असं वाटत असतं. तुम्ही लिहून ठेवता."

त्या शेडमध्ये एका भिंतीवर तिचा तक्ता होता. डावीकडे वरून खाली पात्रांची नावं, वरच्या बाजूला पाच चित्रपट. प्रत्येक चौकोनात दोन चिठ्ठ्या, एक 'येताना' आणि एक 'जाताना'. पात्र चित्रपटात येतं तेव्हा त्याला काय हवं असतं, काय ठाऊक असतं, कुणाचा राग असतो. आणि जातं तेव्हा त्यातलं काय बदललेलं असतं. एका चित्रपटातलं जाताना हेच पुढच्यातलं येताना असायला हवं. तिथे फट राहिली की प्रेक्षक त्या फटीतून खाली पडतो, असं किंजल म्हणायची. पहिल्या तीन चित्रपटांच्या चिठ्ठ्या पेनाने लिहिलेल्या, चौथ्याच्या निम्म्या पेनाने, पाचव्याच्या पेन्सिलीने. लांबचं पक्कं लिहायचं नसतं. मधल्या काळात नट निघून जातो, प्रेक्षकांना भलतंच पात्र आवडतं, तारखा हलतात.

भिंतीवर जेवढं मावत नव्हतं ते माझ्या कार्डांवर. प्रत्येक पात्राचं एक कार्ड, वाचनालयात पुस्तकांचं असायचं तसं. आतापर्यंत ठरलेले चारही दिग्दर्शक भिंतीकडे बघत, अडलं की माझ्या खोक्यातून कार्ड काढत. वर्षभरात त्यांना इतकी सवय झाली की मूळ संहिता पुन्हा उघडणं त्यांनी सोडूनच दिलं. मला त्याचा, कबूल करतो, थोडा अभिमान वाटायचा.

पहिला चित्रपट हरबाचा. दातिवऱ्याकडचा मच्छीमार, त्याला वादळ येण्याआधी कळतं. पोवळी त्याच्याच गावची. पाण्यात बुडालेल्या वस्तू तिला हाका मारतात. हरबाने एकदा वादळाची खबर द्यायला उशीर केला आणि तिच्या भावाची होडी गेली. वाळूवर उभी राहून ती त्याला म्हणते, "याच पान्यात तुला बुडवीन." तो तिला पाण्याच्या कॅनच्या झाकणात पाणी ओतून देतो. ती ते वाळूवर सांडते. इतकंच तिचं काम होतं पहिल्यात. पण लोकांना तीच लक्षात राहिली. किंजलने तक्त्यावर पोवळीची ओळ वाढवली आणि पाचवा चित्रपट तिच्या नावावर केला. पेन्सिलीने.

पोवळीचं काम करणारी सपना दातिवऱ्याचीच. लहानपणी पालघरला मावशीकडे राहायची आणि वाचनालयात यायची. एका कार्डावर एकच पुस्तक हा नियम मी तिच्यासाठी मोडत असे. पुढे ती तारापूरला औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी कारखान्याने सुट्टी नाकारली, तेव्हा ती मला विचारायला आली होती.

"काका, नोकरी सोडू का? तुमी सांगा. तुमच्याकडं लिवलेलं असतंय."

मी तिला कार्ड दाखवलं. पाचवा: पोवळी. तिने नोकरी सोडली. पेन्सिलीचा अर्थ मी तिला सांगितला नाही. आनंदाच्या वेळी असलं काही बोलायला मला जमत नाही.

तर तो सोमवार. मार्च महिना. चौथ्या चित्रपटाची पहिली कच्ची जुळणी आदल्या दिवशी पाच बाहेरच्या माणसांना दाखवली होती. पाचांपैकी चौघांनी एकच विचारलं: हरबा बुडत असतो तेव्हा ही पोरगी त्याला वर का काढते? ती तर त्याच्या जिवावर उठली होती ना?

"का म्हणजे?" चौथ्याचा दिग्दर्शक धीरज तावातावाने म्हणाला. उंच, चिडका, मनाचा चांगला माणूस. "दुसऱ्यात तिचं वैर संपलंय. काकांच्या कार्डावर आहे. काढा हो काका."

मी कार्ड काढून वाचलं. "मिठागराची राखण. प्रसंग चौसष्ट. बांधावर पोवळीला कळतं की हरबा त्या रात्री तिच्या भावाला शोधायला एकटा गेला होता. वैर संपतं."

किंजलने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "चौसष्ट कापलाय."

बाहेर टँकर मागे घेताना वाजतो तो आवाज तेवढा येत होता.

कसं झालं ते सांगतो. दुसरा चित्रपट मिठागरातल्या राखणदाराचा. मिठाला हात लावला की त्याला दुसऱ्याच्या आठवणी दिसतात. हरबा आणि पोवळी त्यात पाहुणे. नोव्हेंबरात तो जुळवून झाला तेव्हा लांब वाटत होता. अकरा मिनिटं काढायची होती. अशा वेळी पहिली कात्री कुठे लागते? जो प्रसंग त्या चित्रपटाच्या नायकाचा नाही त्याला. चौसष्टावा प्रसंग राखणदाराचा नव्हताच, तो पुढच्या चित्रपटाची सोय होता. दिग्दर्शकाने तो कापला, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर बरोबर केलं. चित्रपट चांगला झाला. कापलेली जागा बुजवायला त्यांनी एक तुकडा पुढे आणला, त्यात हरबा मिठागरावरच्या झोपडीची आग विझल्यावर पहाटेच निघून जातो. म्हणजे आता चौसष्टावा प्रसंग घडूच शकत नव्हता.

पण हरबाचं काम करणाऱ्या नटाच्या तारखा डिसेंबर-जानेवारीतच होत्या. म्हणून तिसऱ्याच्या आधी चौथ्याचं चित्रीकरण झालं. तिसरा डोंगरावरचा, त्याला भाताची लावणी आणि हिरवं रान हवं, तो जुलैशिवाय होत नव्हता. धीरजने चौथा केला तो माझ्या कार्डावर विश्वास ठेवून. दुसरा चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच त्याचं निम्मं काम झालं होतं.

"पण कापलं तर कळवायला नको?" धीरज म्हणाला. "संकलनाकडून बदलांची यादी येते ना?"

"येते," किंजल म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तेवढी ती समजूतदार आहे.

यादी आली होती. मला ती आठवली, दोन पानं, डाव्या कोपऱ्यात टाचलेली. मी ती वाचली होती. आणि दुसऱ्या चित्रपटाच्या संहितेच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नोंद केली होती, 'प्रसंग ६४ नाही'. कारण वाचनालयात पुस्तकाचं पान फाटलं तर आपण पुठ्ठ्याच्या आत नोंद करतो, पान अमुक ते अमुक नाही. कार्ड बदलत नाही. पुस्तक तेच असतं ना. एकतीस वर्षं मी हेच केलं. हात आपोआप तिथेच गेला.

मी तोंड उघडलं. पण त्याच वेळी कमलाकांत बोलायला लागले, आणि माझं तोंड मिटलं.

"उपाय बोला. चौसष्ट मागची आठवण म्हणून दाखवता येईल?"

"नाही," किंजल म्हणाली. "लोकांनी हरबाला पहाटे जाताना पाहिलंय. आता तो बांधावर दिसला तर आपण खोटे पडू. जे पडद्यावर दिसलं ते घडलं. बाकी सगळे आपले कागद."

"मग हरबाला वाचवायचं काम सुईणीला द्या," धीरज म्हणाला. सुईण म्हणजे तिसऱ्या चित्रपटाची नायिका, तिला दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या अंगात जाणवतं. "तीन दिवस पुन्हा चित्रीकरण. सुईण त्याला काढते, कारण त्याची घुसमट तिला जाणवते. लोकांना पटेल. आणि पोवळी... कुणीतरी एका वाक्यात सांगतं की ती पुढे कुठल्याशा आगीत गेली."

"आणि पाचवा?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"पाचवा सुईणीचा दुसरा भाग होईल," कमलाकांत म्हणाले. "काका, पेन्सिलच आहे ना ती. नटाच्या तारखा बघून शुक्रवारी ठरवू."

दुपारी मी सपनाला फोन केला नाही. असलं फोनवर सांगायचं नसतं, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे धीर नव्हता. पण ती स्वतःच आली, वेशभूषेवाल्यांचं काहीतरी परत द्यायला. मी तिला बाहेर नारळाच्या झाडाखाली नेलं आणि सगळं सांगितलं. यादी, पुठ्ठा, पेन्सिल, काही म्हणजे काही लपवलं नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मी आगीत मेली?"

"एका वाक्यात."

"दर्यातली पोर, आन् आगीत?" ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "काका, पाण्यात तरी मारायचं मला."

"सपना, चूक माझी आहे. मी त्यांना सांगणार आहे."

"सांगून काय व्हायाचं? तुमाला काडतील. मग दोघं जाऊ घरी." तिने चपलेने वाळलेली झावळी बाजूला सारली. "मी परत पाकिटं भरायला जाईन त्याचं नाय काय. पण ती पोवळी माजी हाय. ती काय एका वाक्यात मरायची नाय."

घरी आल्यावर शैलाने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "पुस्तक हरवलं की कार्ड?"

तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. "मग बघ ना परत ते सिनेमे," ती म्हणाली. "कागद नको हातात. नुसतं बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. पहिला चित्रपट, मग दुसरा. मी कोरं कार्ड घेतलं आणि ठरवलं की दिसेल तेवढंच लिहायचं. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. जे माहीत असतं ते दिसल्यासारखं वाटतं. दोनदा मला चौसष्टाव्या प्रसंगातलं वाक्य ऐकू आलं, आणि ते तिथे नव्हतं.

शैलाने संहिता वाचलेली नव्हती. ती पोळीचा तुकडा तोंडात टाकत बघत होती, आणि दुसऱ्या चित्रपटाच्या मध्यावर म्हणाली, "हे काय, संपलं की वैर."

"कुठे?"

"प्यायली ना त्याचं पाणी. मघाशी सांडलं होतं, आता प्यायली."

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. बांधावर हरबा राखणदाराशी बोलतो आहे. बोलता बोलता तो प्लास्टिकच्या कॅनमधून झाकणात पाणी ओतून मागे बसलेल्या पोवळीपुढे धरतो. तिचं तोंड अर्धं दिसतं. ती झाकण घेते, थांबते, आणि पिते. माझ्या संहितेत लिहिलं होतं, 'पोवळी झाकण खाली ठेवते.' मी शंभर वेळा ते वाक्य वाचलं असेल, म्हणून मला ती पिताना कधी दिसलीच नव्हती.

"आणि कॅन बघ," शैला म्हणाली. "तो मेला पहाटे पळाला, कॅन राहिला तिच्याकडे."

खरंच. राखणदाराच्या शेवटच्या प्रसंगात मागे बांधावर पोवळी बसलेली आहे, आणि तिच्या शेजारी तो पिवळट कॅन. हरबाला आधी निघायला लावल्यामुळे तो आपोआप मागे राहिला होता. कुणी ठरवलं नव्हतं.

"आता तो परत द्यायला हवा," शैला उठता उठता म्हणाली. "आणि शेजारणीचं भांडं रिकामं देतं का कुणी? दर्यावरच्या माणसाला पाणी भरूनच देईल ती."

मी तिथेच बसून राहिलो. मग सपनाला फोन केला. विचारलं, "बाई, तू ते पाणी का प्यायलीस? लिहिलं नव्हतं."

ती म्हणाली, "पुढं चौसष्ट होता ना. मला वाटलं, येकदम कसं सुटंल वैर? आदी जरासं आतून सुटायला पायजे. म्हनून प्याली. दिग्दर्शक बोलला, राहू दे, छान दिसतंय. का, चुकलं?"

शुक्रवारच्या बैठकीत मी उभा राहिलो. बसून बोललो असतो तर बोललोच नसतो. आधी यादीचं सांगितलं, पुठ्ठ्याचं सांगितलं. धीरजने खुर्ची पुढे ओढली.

"पुठ्ठ्याच्या आत?" तो म्हणाला. "काका, पुठ्ठ्याच्या आत कोण बघतं?"

"वाचक बघतात," मी म्हणालो. "म्हणजे, बघायचे."

किंजलला हसू आलं, तिने ते लपवलं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तरी पुढचं बोललो. किंजलने ते दोन तुकडे पडद्यावर लावले: सांडलेलं पाणी, प्यायलेलं पाणी. मग मागे राहिलेला कॅन.

"छान आहे," धीरज म्हणाला, "पण अर्ध्या सेकंदाचं पाणी. हे आपण गावातली माणसं बघतो. मुंबईच्या थिएटरात बसलेल्याला काय कळणार?"

"पाण्याचं नाही कळणार कदाचित," मी म्हणालो. "भांड्याचं कळेल. ज्याच्याकडे शेजारून वाटी आली आहे अशा प्रत्येकाला कळेल. ती रिकामी परत जात नाही." आणि मी थांबलो, कारण पुढे काय बोलायचं ते ठरवलं होतं पण विसरलो.

किंजल तक्त्यापाशी गेली होती. "थांबा," ती म्हणाली. तिने पोवळीच्या ओळीतली दुसऱ्या चित्रपटाची 'जाताना' ही चिठ्ठी काढून टाकली आणि नवीन लिहिली: पाणी प्यायली, कॅन तिच्याकडे, रागाचं काय ते तिलाही ठाऊक नाही. मग तिसऱ्याच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "तिसरा अजून चित्रित व्हायचाय. इथे एक प्रसंग. हरबाच्या तारखा नाहीत, तर हरबाशिवाय. पोवळी डोंगरावर येते, तिच्याकडे कॅन आहे. आणि चौथ्यात ती वल्हवायला बसते त्याआधी फक्त एक हात, होडीत भरलेला कॅन ठेवणारा. त्याला हरबाचा नट लागत नाही. सपना आणि एक होडी. अर्धा दिवस. ती त्याला पाण्यातून ओढते तेव्हा लोकांच्या डोक्यात कॅन असेल."

"आणि माझ्या चित्रपटाचं काय?" हे प्रियंका म्हणाली. तिसऱ्याची दिग्दर्शिका, इतका वेळ कोपऱ्यात वहीत काहीतरी रेखाटत होती. "दर वेळी हेच. माझी सुईण पावसात एकटी बाळंतपण करतेय, आणि मध्येच कुणीतरी कॅन घेऊन येतं. का, तर धीरजच्या चित्रपटात भोक पडलंय. चौसष्टावा कापला तो याच कारणाने ना? मग माझ्याकडे तोच का ढकलता? मीही कापेन."

तिचं खरं होतं, आणि सगळ्यांना कळत होतं की खरं आहे. पाच चित्रपटांची साखळी म्हटलं की प्रत्येक दिग्दर्शकाला आपला चित्रपट आपल्यापुरता पुरा हवा असतो, आणि तक्त्याला प्रत्येकाकडून थोडा पुढच्यासाठी हवा असतो. भांडण तिथेच असतं.

कमलाकांतांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, झालं. आगीत गेली.

"सुईणीला पाणी लागतं का?" मी विचारलं.

प्रियंकाने मान वर केली. "काय?"

"बाळंतपणात. तापवायला. तुमच्या संहितेत बत्तीस नंबरला आहे, 'घरातलं पाणी संपतं'. मग ती झऱ्यावर जाते." कार्ड माझ्या हातात होतं, पण मी त्याकडे बघत नव्हतो. "तेव्हा कुणीतरी पाण्याचा कॅन घेऊन आलं तर तो प्रसंग सुईणीचाच राहील. ती पाणी घेते. आणि कॅन रिकामा झाला म्हणून तो पुन्हा भरावा लागतो."

प्रियंकाने वहीचं पान उलटलं. "एक मिनिट," ती म्हणाली. "साठ सेकंद. पोवळीने स्वतःची कहाणी सांगायची नाही, भावाचं नाव काढायचं नाही. सुईण एकदाच विचारेल, कुणाचा कॅन. तिने दोन शब्दांत उत्तर द्यायचं. आणि प्रसंग जमला नाही तर मी कापेन, आत्ताच सांगते. कापला तर यादी काकांना पाठवीन. कार्डावर लिहा, पुठ्ठ्यात नको."

सगळे हसले. मीही हसलो असावा.

"पाचवा?" मी विचारलं.

"पेन्सिल," कमलाकांत म्हणाले. "काका, यापेक्षा जास्त आज माझ्याकडून मागू नका."

सपनाला मी ते तसंच सांगितलं. या वेळी पेन्सिलीचा अर्थही सांगितला, नीट, सगळा. ती म्हणाली, "कळलं. लवकर सांगितलं असतंत तरी मी नोकरी सोडलीच असती. पन बरं वाटलं असतं." तिचं बरोबर होतं.

कार्डांचे मी दोन रकाने केले. एक 'लिहिलेलं', एक 'दिसलेलं'. दुसरा पहिल्यावरून भरायचा नाही, पडद्यावरूनच. सगळ्या पात्रांसाठी तीन आठवडे लागले. त्यात आणखी चार फटी सापडल्या. एका माणसाने धडा दुसऱ्यात शिकून चौथ्यात तोच पुन्हा शिकला होता, कारण दोन्ही दिग्दर्शकांना तो आपल्याच चित्रपटात शिकवायचा होता. किंजलने त्यातल्या दोन बुजवल्या. दोन तशाच ठेवल्या. "सगळं जुळलं तर लोकांना भांडायला काय उरेल?" ती म्हणाली.

जुलैत डोंगरावर चित्रीकरण झालं, विक्रमगडच्या वाटेवरच्या एका पाड्यावर. लावणी चालू होती, सगळीकडे चिखल. प्रियंकाने मला बोलावलं होतं. मला वाटतं किंजलने सांगितलं असावं. मी छत्री घेऊन एका खोपीच्या कडेला उभा राहिलो, कुणाच्या मध्ये येणार नाही असा.

सुईणीचं काम करणारी बाई भिजून दारात उभी. पोवळी चढण चढून येते, कॅन खाली ठेवते. सुईण पाणी ओतून घेते, शेवटच्या थेंबापर्यंत. मग विचारते, "कुणाचा?"

संहितेत उत्तर होतं, 'एकाचा. द्यायचाय.'

सपना काहीच बोलली नाही. तिने कॅन उचलला, शेजारच्या पन्हळीखाली धरला, खळबळून धुतला, एकदा, दोनदा, आणि मग पन्हळीचं पाणी त्यात पडू दिलं. भरेपर्यंत उभी राहिली. भरल्यावर झाकण लावलं, आणि झाकण लावताना तिचा हात थांबला, अगदी थोडा, मिठागरात थांबला होता तसा.

"कट," प्रियंका म्हणाली. छायाचित्रणवाल्याने कॅमेऱ्याची काच पुसली. कुणीतरी विचारलं, पुन्हा घ्यायचं का, पोवळीने वाक्य म्हटलं नाही.

"नको," प्रियंका म्हणाली.

सपना चिखलातून माझ्याकडे आली, कॅन तसाच हातात. "काका, नोंद केली?"

मी कार्ड खिशातून काढलं होतं. 'लिहिलेलं' या रकान्यात दोन शब्द होते. दुसरा रकाना कोरा होता.

"नाही अजून," मी म्हणालो. "साठ सेकंदांपेक्षा जास्त झालंय. कदाचित कापतील."

"कापू दे की," ती म्हणाली. तिने कॅन माझ्या हातात दिला, जड होता तो. "धरा जरा. सांडू नका."